नोंदवहीतल्या निष्काळजीपणातून झालेलं वाङ्मयचौर्य: समितीला खुलासा कसा लिहायचा

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. एम.ए.चे लघुप्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासून त्यांचा साम्य अहवाल विभागाकडे पाठवायचं काम माझ्याकडे असतं. टक्केवारी जास्त आली की विद्यार्थ्याला समितीची नोटीस जाते, आणि ती नोटीस घेऊन तो पुष्कळदा आधी ग्रंथालयातच येतो. सोबत बहुतेक वेळा एक कच्चा कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं, "माझ्याकडून अनवधानाने चूक झाली असून मला माफ करावे ही नम्र विनंती." असं पत्र वाचून समितीला काहीही कळत नाही. चूक कोणती, किती ठिकाणी, कशामुळे, आणि पुन्हा होणार नाही हे कशावरून? चारही प्रश्न तसेच राहतात.

हा लेख पहिल्यांदाच असं पत्र लिहायची वेळ आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यातही एकाच प्रकारासाठी: मुद्दाम चोरी केलेली नाही, पण नोंदी नीट घेतल्या नाहीत म्हणून दुसऱ्याची वाक्यं आपली म्हणून छापली गेली. मुद्दाम उतरवलं असेल तर हे पत्र तुमच्यासाठी नाही. तेव्हा सरळ तसंच सांगावं लागतं.

एका विद्यार्थिनीचं प्रकरण तिची परवानगी घेऊन सांगतो, नाव-गाव वगळून. तिचा विषय होता मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या म्हणजे गावच्या जमीनदारांच्या ताब्यात असलेले. चौऱ्याऐंशी पानांचा लघुप्रबंध, चार प्रकरणं. साम्य निघालं २३ टक्के. नोंदवही माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सर, हे त माह्याच अक्षरात आहे. मग दुसऱ्याचं कसं?" सगळं प्रकरण याच प्रश्नात होतं. चार-पाच महिन्यांनी जुनी वही उघडली की अक्षर आपलं दिसतं आणि वाक्यही आपलंच वाटायला लागतं.

आधी नोटीस आणि नियम वाचा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. पदव्युत्तर आणि त्यावरच्या पदवीसाठी दिलेला लघुप्रबंध किंवा प्रबंध त्यांत येतो. गृहपाठ, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका यांना त्यांतून वगळलं आहे. त्यामुळे बी.ए.च्या प्रकल्पावरून नोटीस आली असेल, तर ती महाविद्यालयाच्या स्वतःच्या नियमाखाली आली आहे का, हे आधी विचारून घ्या. पत्राचा साचा दोन्हीकडे तोच राहील, पण शिक्षेचे स्तर लागू होतीलच असं नाही.

लघुप्रबंधासाठी स्तर असे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यायची. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द होते. पुन्हा तसंच सापडलं तर आधीपेक्षा एक स्तर वरची शिक्षा होते.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली म्हणजे हे स्तर टक्क्यांवर उभे आहेत. हेतू चांगला होता एवढ्याने स्तर बदलत नाही. म्हणून पत्रातून सुटका मागू नका. नेमकं काय झालं ते समितीला बिनचूक कळावं आणि तुमच्यावर चुकीचं काही नोंदलं जाऊ नये, एवढंच पत्राचं काम.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पत्र आधी विभागाच्या समितीकडे जातं. तिथे विभागप्रमुख अध्यक्ष असतात, एक ज्येष्ठ प्राध्यापक बाहेरच्या विभागाचे असतात आणि एक जण ही सॉफ्टवेअरं जाणणारा असतो. ही समिती ४५ दिवसांत आपला अहवाल संस्थेच्या समितीकडे देते, आणि त्या वरच्या समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो. तुमचा चेहरा, तुमचं वर्गातलं वागणं, तुमचं गाव यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. त्याच्यासमोर फक्त तुमचं पत्र असतं. "सरांना तर माहीतच आहे" असं धरून लिहिलेलं पत्र तिथे मुकं होतं.

पुरावा आहे तसा ठेवा

नोटीस आली त्या दिवसापासून नोंदवहीत एक अक्षर घालायचं नाही. मागाहून अवतरणचिन्हं घालायची नाहीत, समासात पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, तारीख टाकायची नाही. शाईचा फरक दिसतोच. तो दिसला की निष्काळजीपणाचं प्रकरण लबाडीचं होऊन बसतं. मोबाईलमधले पानांचे फोटो पुसू नका, त्यांत काढल्याची तारीख असते. संगणकावरची मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा आणि पुढचं काम तिच्या प्रतीवर करा.

मग ग्रंथालयातून किंवा विभागातून पूर्ण साम्य अहवाल मागा. विद्यार्थी पहिलं पान पाहतात, त्यावर टक्का असतो, आणि तिथेच हातपाय गळतात. कामाची पानं त्यापुढे असतात. तुमचा कोणता मजकूर कोणत्या स्रोताशी जुळला, ते तिथे रंगाने दाखवलेलं असतं.

या विद्यार्थिनीच्या अहवालात अकरा उतारे रंगवलेले होते. त्यांतले चार तिने अवतरणात, संदर्भ देऊन घेतले होते. नियमाप्रमाणे असे उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे साम्य मोजताना वगळायचे असतात. ते वगळल्यावर साम्य १७ टक्क्यांवर आलं. म्हणजे स्तर तोच राहिला, पण आकडा खरा झाला. अशी दुरुस्ती मागणं हा तुमचा हक्क आहे. फक्त पत्राची सुरुवात या मागणीने करू नका. पहिल्याच ओळीत टक्क्यांचा हिशोब आला की वाचणाऱ्याला वाटतं, हिला आकडा कमी करून घ्यायची घाई आहे.

प्रत्येक उताऱ्याचा माग काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आम्हाला दोन दुपारी लागल्या. एका मोठ्या कागदावर चार रकाने आखले: लघुप्रबंधातलं पान, मूळ स्रोत आणि त्याचं पान, नोंद कुठे आणि कशी घेतली होती, आणि ती नोंद मसुद्यात कशी उतरली. उरलेले सात उतारे एकेक करून त्यांत भरले.

पाच उतारे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरच्या एका मराठी प्रबंधातले निघाले. हा प्रबंध तिने महाविद्यालयातल्या संगणकावर वाचला होता. संध्याकाळची साकोलीची एसटी गाठायची म्हणून पडद्यावरचं भराभर वहीत उतरवलं. वहीत ना प्रबंधाचं नाव, ना पान क्रमांक, ना अवतरणचिन्ह. उरलेले दोन एका सरकारी अहवालातले. त्याच्या पानांचे तिने मोबाईलवर फोटो काढले होते, आणि घरी बसून फोटोतला मजकूर मोठ्याने वाचत फोनमध्ये बोलून टाइप केला होता. बोलून टाइप करताना अवतरणचिन्हं येत नाहीत. फोनमधल्या त्या नोंदीत अहवालातली वाक्यं आणि तिचे स्वतःचे दोन-तीन विचार एकाच परिच्छेदात, एकाच सुरात पडलेले होते. तिथून ते जसेच्या तसे मसुद्यात गेले.

माग काढताना एक वेगळीच गोष्ट सापडली, आणि ती माझ्या मते २३ टक्क्यांपेक्षा गंभीर होती. नोंदवहीच्या ४१व्या पानावर वरच्या अर्ध्यात गावातल्या एका म्हाताऱ्या कोहळी शेतकऱ्याची मुलाखत होती. तलावाची पाळ कशी बांधत, तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, कोण उघडत असे, बोडीतलं म्हणजे लहान तळ्यातलं पाणी धानाच्या कोणत्या बांधीला आधी जाई, असं सगळं. त्याच्या खाली, मध्ये एक ओळही न सोडता, प्रबंधातल्या सहा ओळी उतरवलेल्या होत्या. मसुदा लिहिताना तिला ते सगळं मिळून मुलाखतच वाटलं. परिणामी एका संशोधकाचा निष्कर्ष तिच्या लघुप्रबंधात शेतकऱ्याच्या तोंडी गेला, क्षेत्रकार्यातला पुरावा म्हणून. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून छापणं वाईटच. इथे त्याशिवाय त्या माणसाने न सांगितलेली गोष्ट त्याच्या नावावर लागली. तुमच्या विषयात मुलाखती असतील, तर ही तपासणी नक्की करा. सॉफ्टवेअर ती करून देत नाही.

यंत्राला न दिसलेलंही सांगा

चौथ्या रकान्यापर्यंत आल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, दुसऱ्या प्रकरणात अजून तीन परिच्छेद आहेत. भंडारा जिल्ह्याच्या १९०८ सालच्या इंग्रजी गॅझेटियरमधून तिने ते मराठीत आणले होते. भाषांतर तिचं, पण माहितीचा क्रम, मांडणी आणि निष्कर्ष सगळे गॅझेटियरचे. संदर्भ दिलेला नव्हता. इंग्रजी मजकूर मराठीत आला की शब्दाला शब्द जुळत नाही, म्हणून अहवालात त्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

मराठी माध्यमात लिहिणाऱ्या आपल्या मुलांचा इथे सर्रास गैरसमज असतो. भाषांतर केलं म्हणजे मजकूर आपला झाला, असं त्यांना खरंच वाटतं. विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणं अशी आहे. त्यात भाषेचा प्रश्नच येत नाही.

हे समितीला सांगायचं का? मी तिला सांग म्हणालो. एक तर ते खरं होतं. शिवाय सुधारित प्रत द्यायची वेळ येणारच होती, आणि तेव्हा त्या तीन ठिकाणी अचानक संदर्भ उगवले असते. आधी लपवलं होतं असंच कोणीही म्हटलं असतं. आपणहून सांगितलेल्या त्या तीन परिच्छेदांमुळे बाकीच्या सात उताऱ्यांबद्दलचं तिचं म्हणणंही समितीला विश्वासाचं वाटलं. सुनावणीत बाहेरच्या विभागाच्या सदस्यांनी ते तसं बोलून दाखवलं.

पत्राची भाषा: वाक्यात कर्ता ठेवा

तिचा पहिला मसुदा असा होता: "सदर मजकूर अनवधानाने समाविष्ट झाला असून संदर्भ देण्याचे राहून गेले आहे." मराठीत चूक सांगताना कर्ता हळूच नाहीसा होतो. राहून गेलं, होऊन गेलं, झाला असावा. शाळेपासून आपण असेच अर्ज लिहीत आलो, आणि त्यात नम्रता आहे असं आपल्याला वाटतं. समितीला मात्र त्यात अंग काढून घेणं दिसतं. मजकूर स्वतःच्या पायांनी येऊन प्रबंधात बसत नाही.

ते वाक्य तिने मग असं लिहिलं: "मी हा मजकूर वहीत उतरवला, पण स्रोत लिहिला नाही. नंतर तो माझाच समजून मी तो प्रकरणात घेतला." पत्र झाल्यावर प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा: हे कोणी केलं? उत्तर वाक्यात सापडत नसेल तर वाक्य बदला. "असावा", "असू शकेल" हे शब्द फक्त तुम्हाला खरंच आठवत नसेल तिथेच ठेवा.

परिस्थितीबद्दल किती लिहायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. घर दूर आहे, गावात नेट टिकत नाही, धान कापणीत घरी हात लागतात. हे सगळं खरं असतं आणि मी ते रोज पाहतो. पण जी गोष्ट थेट चुकीपर्यंत पोचते तेवढीच पत्रात घ्या. एसटीच्या घाईत पान क्रमांक न लिहिता उतरवलं, हे कारण आहे. वडिलांचं आजारपण या चुकीचं कारण नाही. ते मुदतवाढीच्या अर्जात लिहा, तिथे त्याचा विचार होतो. आणि कारण लिहिलं तरी त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात जबाबदारी स्वतःकडे घ्या.

मार्गदर्शकांना मध्ये ओढू नका. त्यांचं प्रमाणपत्र प्रबंधाला जोडलेलं असतं हे खरं, पण त्यांनी तुमची नोंदवही पाहिलेली नसते. टायपिंगवाल्यावर ढकलायचं असेल तर थांबा. हस्तलिखितात अवतरणचिन्हं होती आणि टंकलेखनात किंवा फॉन्ट बदलताना ती गळाली, असं मूळ कागद दाखवून सिद्ध करता येत असेल तरच लिहा. आणि "हा प्रकार चुकीचा असतो हे माहीत नव्हतं" असं तर लिहूच नका. हे माझं मूळ काम आहे आणि त्यात वाङ्मयचौर्य नाही, असं हमीपत्र प्रबंध देतानाच तुम्ही सही करून दिलेलं असतं. ते समितीसमोर असतं.

पत्र

शेवटी गेलेलं पत्र जवळपास असं होतं. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. हे जसंच्या तसं उतरवू नका, कारण तुमच्या वहीत झालेलं तिच्या वहीत झालेल्यापेक्षा वेगळं असणार.

> प्रति,
> मा. अध्यक्ष व सदस्य,
> विभागीय शैक्षणिक सचोटी समिती
>
> विषय: लघुप्रबंधात इतरांचा मजकूर संदर्भाशिवाय वापरल्याबाबत खुलासा.
> संदर्भ: आपली नोटीस व सोबतचा साम्य अहवाल.
>
> महोदय,
>
> माझ्या लघुप्रबंधात सात ठिकाणी इतरांचा मजकूर मी अवतरणचिन्ह व संदर्भ न देता वापरला आहे. हे वाङ्मयचौर्य आहे हे मला मान्य आहे. याशिवाय साम्य अहवालात न आलेले आणखी तीन परिच्छेद मी इंग्रजी गॅझेटियरमधून भाषांतर करून, संदर्भ न देता घेतले आहेत. या दहाही ठिकाणांचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> हे कसे घडले ते सांगते. मी सर्व नोंदी एकाच वहीत घेतल्या. पुस्तकातून उतरवलेला मजकूर, गावातील मुलाखती आणि माझे स्वतःचे विचार यांत फरक दाखवणारी कोणतीही खूण मी केली नाही. एका प्रबंधातील पाच उतारे मी संगणकावर पाहून घाईत वहीत उतरवले. बसची वेळ झाली होती म्हणून पान क्रमांक नंतर लिहू असे ठरवले आणि नंतर लिहिले नाही. एका शासकीय अहवालातील दोन उतारे मी फोटोवरून फोनमध्ये बोलून टाइप केले. त्यात माझी वाक्ये व अहवालातील वाक्ये एकत्र झाली. मसुदा मी चार महिन्यांनी लिहिला. तेव्हा वहीतील मजकूर माझ्या अक्षरात असल्याने तो माझाच आहे असे मी समजले. मूळ स्रोत उघडून पडताळणी करणे हे माझे काम होते. ते मी केले नाही.
>
> गॅझेटियरच्या बाबतीत कारण वेगळे आहे. भाषांतर केल्यावर संदर्भाची गरज नाही अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी मी ती विचारून दूर करायला हवी होती.
>
> एक गोष्ट समितीच्या निदर्शनास आणणे मला आवश्यक वाटते. पान २७ वर एका शेतकऱ्याच्या मुलाखतीतील म्हणून दिलेल्या सहा ओळी त्यांनी सांगितलेल्या नाहीत. त्या प्रबंधातील आहेत. वहीत मुलाखतीच्या खालीच त्या उतरवल्यामुळे मी त्या मुलाखतीचा भाग समजले. या ओळींवर आधारलेला तिसऱ्या प्रकरणातील निष्कर्षही त्यामुळे टिकत नाही. तो मी मागे घेते. त्या शेतकऱ्यांना भेटून मी ही चूक सांगितली आहे.
>
> साम्य अहवालातील अकरापैकी चार उतारे अवतरणचिन्हांत व संदर्भासह आहेत. नियमानुसार ते वगळून टक्केवारी पुन्हा काढावी अशी विनंती आहे. उर्वरित सात उताऱ्यांबाबत माझा आक्षेप नाही.
>
> मूळ नोंदवही, फोनमधील नोंदी व फोटो आणि मसुद्याची मूळ फाइल मी समितीसमोर ठेवण्यास तयार आहे. नोटीस मिळाल्यानंतर त्यांत मी कोणताही बदल केलेला नाही.
>
> समितीने परवानगी दिल्यास दहाही ठिकाणे दुरुस्त करून, तिसरे प्रकरण पुन्हा लिहून, मी ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारित प्रत सादर करेन. त्यासाठी केलेल्या नव्या नोंदींची वहीही सोबत देईन.
>
> आपली विश्वासू,
> (सही)

या पत्रात "माफ करा" हे शब्द नाहीत. ते घालायला माझी हरकत नव्हती, तिनेच काढले. ती म्हणाली, माफी त्या शेतकऱ्याची मागायची होती, आणि ती गावात जाऊन मागून झाली आहे. तुम्हाला समितीपुढे दिलगिरी व्यक्त करावीशी वाटली तर एक वाक्य लिहा, पण शेवटी. पत्र तिथून सुरू करू नका.

पत्र दोन पानांच्या आत ठेवा. तपशील तक्त्यात जाऊ द्या. तक्त्यातली एक ओळ अशी दिसत होती: "पान २७, ओळी ८ ते १३, मूळ: प्रबंधाचे नाव व पान, नोंद: वही पान ४१, खालचा अर्धा भाग, खूण नाही, मसुद्यात: मुलाखतीचा भाग म्हणून, फक्त दोन शब्द बदलून." दोन शब्द बदलले होते, हेही तिने लिहिलं. असे बदललेले शब्द समितीला नेहमी खटकतात, कारण त्यात लपवण्याचा वास येतो. तिने भाषा सुधारताना ते बदलले होते. तेवढं सांगितलं आणि पुढे गेली.

सुनावणीच्या दिवशी

वही, फोन, छापील तक्ता आणि मूळ स्रोतांच्या पानांच्या प्रती घेऊन जा. समिती बहुतेक वेळा एखादा उतारा निवडून विचारते की हा वहीत दाखवा. तिला तसंच विचारलं. पानांवर आधीच क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावलेल्या असल्याने तिने अर्ध्या मिनिटात पान काढून दिलं. वहीच्या पानांना चिठ्ठी लावायला हरकत नाही, पानावर लिहायला आहे.

दुसरा प्रश्न बहुधा असा येतो: "मग यात तुमचं स्वतःचं काय आहे?" त्याची तयारी करून जा. तिच्याकडे चौदा तलावांच्या पाहणीच्या तारीखवार नोंदी होत्या. पाळीची अवस्था, गाळ, पाणी कुठवर जातं हे तिने स्वतः फिरून पाहिलं होतं. त्या तिने पुढे ठेवल्या. जे आपलं नाही ते आधी बाजूला काढून दिलेलं असलं, की उरलेलं आपलं आहे हे सांगताना आवाज चाचरत नाही.

त्यानंतरची वही

समितीने तिला सुधारित प्रतीसाठी तीन महिने दिले. तिने नोंदींची रीत बदलली, आणि ती मी आता सगळ्यांनाच सुचवतो. डाव्या पानावर फक्त दुसऱ्याचं, उजव्या पानावर फक्त आपलं. डाव्या पानावर पहिला शब्द लिहिण्याआधी स्रोताचं नाव आणि पान लिहायचं. जसंच्या तसं उतरवलेलं सगळं अवतरणात, एकच ओळ असली तरी. भाषांतर असेल तर समासात "भा." लिहायचं. मुलाखतींना वेगळी वही. फोटो काढायचा असेल तर आधी मुखपृष्ठाचा, मग पानाचा, आणि पान क्रमांक फोटोत आला आहे ना ते तिथेच बघायचं. फोनमध्ये बोलून टाइप करताना सुरुवातीला "उतारा सुरू" आणि शेवटी "उतारा संपला" असं तोंडाने म्हणायचं. ते शब्द मजकुरात उमटतात, आणि चार महिन्यांनीही दुसऱ्याचं कुठे संपलं ते दिसतं.

सुधारित प्रतीचं साम्य ६ टक्के आलं. पान २७ वरच्या त्या सहा ओळी आता दुसऱ्या प्रकरणात आहेत, अवतरणात, मूळ संशोधकाच्या नावाने. तिसऱ्या प्रकरणात त्या जागी शेतकऱ्याने खरोखर सांगितलेल्या चार ओळी आल्या आहेत: गावातलं तुडूम पोळ्याच्या आधी उघडत नसत, आणि उघडायचं कधी ते त्यांचे आजोबा ठरवत.